गोर, गोत, तांडा आणि जमात

2 सप्टेंबर 2025 रोजी हैदराबाद गॅझेटचा आधार घेऊन मराठा-कुणबी नोंदींबाबतचा शासन निर्णय निघाला आणि त्याच महिन्यात जालन्यात, बीडमध्ये बंजारा बांधवांचे मोठे मोर्चे निघाले. त्यांचे म्हणणे सरळ होते. ज्या निजामी कागदांवर विसंबून सरकार एका समाजाला दाखले देते, त्याच कागदांत आमची नोंद ‘ट्राइब’ अशी आहे. मग आम्हाला अनुसूचित जमातीचे आरक्षण का नाही? त्यावर आदिवासी संघटना रस्त्यावर आल्या. हे लोक जमात नाहीतच, त्यांची आडनावे राजपुतांची आहेत, ते व्यापारी होते, असे उत्तर त्यांनी दिले. गेले कित्येक महिने चावडीवर, एसटीत, लग्नाच्या मांडवात हाच वाद ऐकतो आहे आणि दर वेळी अस्वस्थ होतो. माझे शिक्षण मानवशास्त्राचे. माझे गाव किनवटच्या बाजूला. गावाच्या एका अंगाला तांडा आणि दुसऱ्या अंगाला गोंडांचा पाडा, अशा ठिकाणी मी वाढलो. या वादात दोन्हीकडची माणसे खऱ्या दुखण्यावर बोलत आहेत, पण ज्या शब्दांनी बोलत आहेत ते शब्द त्यांना भलतीकडेच नेत आहेत.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. कुळ, जमात, वांशिक गट आणि समुदाय या एकाच जिन्याच्या चार पायऱ्या नाहीत. लहान ते कुळ, त्याहून मोठी जमात, त्याहून मोठा वंश, असा हा हिशेब नाही. मानवशास्त्रात हे चार शब्द चार वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. माझे लग्न कोणाशी होऊ शकत नाही, या प्रश्नाचे उत्तर कुळ देते. माझे भांडण कोणत्या वर्तुळात आपसात मिटते आणि त्या वर्तुळाबाहेर कशाचे युद्ध होते, हे जमात सांगते. आपला कोण आणि परका कोण, ही रेघ आम्ही आणि इतर कुठे ओढतो, हे वांशिक गट सांगतो. आणि रोज मी कोणासोबत राहतो, कोणाच्या अडीअडचणीला धावतो, हे समुदाय सांगतो. एकाच माणसाकडे या चारही प्रश्नांची उत्तरे एकाच वेळी असतात आणि ती एकमेकांशी जुळलेली असतीलच असे नाही. ‘अनुसूचित जमात’ ही मात्र यांतली कोणतीच गोष्ट नाही. ती संसदेने केलेली यादी आहे. आज वाद चालला आहे तो एका प्रश्नाचा पुरावा दुसऱ्या प्रश्नाला चिकटवून.

यातल्या कुळापासूनच सुरू करतो, कारण ते आपल्याला घरचेच आहे. मराठवाड्यात कोणी वारले की सुतक कोणी पाळायचे, हे ठरलेले असते. ज्यांना दहा दिवसांचे सुतक लागते ती भावकी. भावकीत आजोबा-पणजोबांची नावे सांगता येतात, कोणाच्या वाटणीत कोणते शेत गेले हेही सांगता येते. मानवशास्त्रात अशा गटाला वंशशाखा म्हणतात, तिची साखळी नावानिशी मोजता येते. पण त्यापलीकडे असे लोक असतात ज्यांच्याशी नाते दाखवता येत नाही, तरीही मूळ एकच आहे असे मानले जाते. देवक एक असते, पंचपल्लव असो, कळंब असो की मोरपीस, आणि म्हणून सोयरीक होत नाही. ते कुळ. (शेतजमिनीचा ‘कूळ’ वेगळा, आमच्याकडे कूळ कायद्याचे खटले इतके चालले की पुष्कळांना आधी तोच अर्थ आठवतो.) कुळाचा गाभा म्हणजे बाहेर लग्न करण्याचे बंधन. या एका गोष्टीतून मोठा निष्कर्ष निघतो. ज्या गटाला प्रत्येक पिढीत सुना बाहेरूनच आणाव्या लागतात तो गट एकटा टिकू शकत नाही; त्याला शेजारी दुसरे कुळ लागतेच. म्हणजे कुळ ही कधीच लहान आकाराची जमात नसते. राठोड ही जमात असू शकत नाही, पवार ही असू शकत नाही, आणि ‘शहाण्णव कुळी’ हा शब्द लग्नाच्या नियमांबद्दल सांगतो, वंशाच्या शुद्धतेबद्दल काहीच सांगत नाही.

आता जमात. या शब्दाला नेमका अर्थ देण्याचा सर्वांत स्वच्छ प्रयत्न इव्हान्स-प्रिचर्ड या मानवशास्त्रज्ञाने केला. 1930 च्या दशकात सुदानच्या दक्षिणेत नुअर नावाच्या गुराखी लोकांमध्ये राहून त्याने जे मांडले ते 1940 मध्ये प्रसिद्ध झाले. सगळे नुअर एक भाषा बोलत, स्वतःला शेजारच्या डिंका लोकांपासून वेगळे मानत आणि त्यांची गुरे पळवून आणत. ही झाली वांशिक ओळख. पण नुअर ही एक जमात नव्हती. त्यांच्या लोउ, जिकानी अशा अनेक जमाती होत्या. कशावरून? खुनावरून. लोउ माणसाने लोउ माणसाचा खून केला तर बिबळ्याचे कातडे पांघरणारा एक मध्यस्थ दोन्ही घरांमध्ये बसे आणि खुनाची भरपाई गुरांच्या रूपाने ठरवी. लोउने जिकानीला मारले तर अशी भरपाई ठरवण्याची सोयच नव्हती, तिथे थेट लढाई होई. भरपाईचा नियम जिथवर लागू होतो तिथवर जमात, अशी ती रेघ. आणि कुळे? ती या सगळ्यांतून आडवीतिडवी पसरलेली. लोउ मुलखात जिनाका कुळाला मान होता, पण लोउ म्हणजे जिनाका नव्हे. त्या मुलखात इतर कुळांचे लोक आणि नुअर करून घेतलेले डिंकासुद्धा राहत. गाव हा पुन्हा वेगळाच, जिथे अनेक कुळांचे लोक एकत्र गुरे राखत, एकत्र उपाशी राहत. एकच माणूस वंशाने नुअर, राजकारणाने लोउ, लग्नाच्या बाबतीत जिनाका आणि रोजच्या जगण्यात अमुक गावचा.

हे चार प्रश्न घेऊन आपल्याकडच्या तांड्यावर जाऊ. परळीच्या डोंगरपट्ट्यात असो, मुखेडला असो की आमच्या किनवटला, दोन अनोळखी बंजारा भेटले की आधी गोत विचारले जाते. उत्तर येते राठोड, पवार, चव्हाण, वडतिया म्हणजे जाधव. त्या प्रत्येकाच्या आत पुन्हा पाडे, म्हणजे गोताच्या पोटशाखा. राठोडांचे सत्तावीस, पवारांचे बारा, चव्हाणांचे सहा, अशी मोजदाद जुनी माणसे सांगतात. राठोडाची मुलगी राठोडाला देत नाहीत. हे कुळ. पण तोच माणूस स्वतःला ‘गोर’ म्हणतो आणि बाहेरच्या प्रत्येकाला, मग तो मराठा असो, मुसलमान असो की मारवाडी, ‘कोर’ म्हणतो. ही गोर-कोर रेघ म्हणजे वांशिक गटाची रेघ, आणि ती इतकी ठळक आहे की पुस्तकातले उदाहरण म्हणून शिकवावी. तिसरा प्रश्न समुदायाचा. त्याचे उत्तर तांडा, नायकाच्या नावाने ओळखला जाणारा. त्यात वेगवेगळ्या गोतांची घरे, नायक, कारभारी आणि सगळ्यांचा मिळून होळीचा लेंगी.

चौथा प्रश्न जमातीचा, आणि इथेच अडते. तांड्यातली भांडणे नसाबात मिटत. नायक, कारभारी आणि पंच बसत, दंड लावत, बहिष्कार घालत. प्रकरण मोठे असेल तर शेजारच्या तांड्यांचे नायकही येत. इव्हान्स-प्रिचर्डच्या मोजपट्टीने पाहिले तर भांडण मिटवण्याचे वर्तुळ एका तांड्याचे किंवा आसपासच्या काही तांड्यांचे होते, राजस्थानपासून आंध्रापर्यंतच्या साऱ्या गोरांचे नव्हते. म्हणजे त्या अर्थाने सगळे बंजारे मिळून एक जमात होत नाहीत. उलट तांड्याच्या भोवती ढाडी, ढालिया, न्हावी असे गट होते, ज्यांच्याशी गोर बेटीव्यवहार करत नसत. ही रचना जातीच्या अंगाने जाणारी. आणि बंजाऱ्यांचा धंदा म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरणे, दख्खनच्या स्वाऱ्यांत फौजांना रसद पुरवणे. राज्यसत्तेशी आणि बाजाराशी त्यांचा संबंध शतकानुशतकांचा. मनमाडहून मराठवाडा ओलांडून हैदराबादेकडे रेल्वे गेली तेव्हा लदणीचा हा धंदा बसला आणि तांडे डोंगरकडेला स्थिरावत गेले.

‘पाहा, तुम्हीच म्हणता ते जमात नाहीत’ असे विरोधक इथे म्हणतील. थांबा. हीच मोजपट्टी गोंडांना लावा. चांद्याला आणि गढा-मंडल्याला गोंडांची राज्ये होती. त्यांच्याकडे किल्ले होते आणि कर वसुली होती. ‘राजसत्तेपासून दूर ते जमात’ ही कसोटी लावली तर राजगोंड बाद होतात. वेगळी भाषा ही कसोटी लावली तर हिंगोली, कळमनुरी, किनवट भागातले आंध बाद होतात, कारण ते मराठी बोलतात. तरीही आंध 1950 च्या हैदराबाद राज्याच्या यादीत होते आणि आजही महाराष्ट्राच्या यादीत पहिले नाव त्यांचेच आहे. ते तिथे असण्यात काही चूक आहे असे मी म्हणत नाही. त्यांची जमीन कशी गेली हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणायचे एवढेच की मानवशास्त्राच्या कोणत्याही एका व्याख्येने आजची यादी तयार झालेली नाही. मॉर्टन फ्राइड या अभ्यासकाने तर 1970 च्या दशकात असे मांडले की नकाशावर ठळक सीमा असलेल्या पुष्कळशा ‘जमाती’ राज्यसत्तेच्या आधीच्या नाहीतच. राज्यसत्तेने शेजारी येऊन मोजणी केली, मुखिया नेमला, करार केला, त्यातून त्या घडल्या. भारतात समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेते यांनी अशीच सावधगिरी सांगितली होती, की इथे जमात आणि मोठी संस्कृती शेजारी शेजारी इतका काळ राहिल्या की त्यांच्यात चाकूने कापल्यासारखी रेघ मिळणार नाही.

आडनावांचा मुद्दा मात्र मला वेगळा घ्यायचा आहे, कारण तो सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि सगळ्यात कच्चा आहे. ‘राठोड, पवार, चव्हाण ही राजपुतांची, मराठ्यांची नावे, मग हे आदिवासी कसे?’ मग कोकणा आदिवासींमध्ये पवार आणि गायकवाड कसे? कुळाचे नाव गटांच्या भिंती ओलांडून जाते. ते मानाने घेतले जाते, आश्रयाने मिळते, शेजाराने चिकटते. याचा सर्वांत दाहक पुरावा रवांडात आहे. तिथे हुतू, तुत्सी आणि त्वा हे तिघे एकच भाषा बोलत, आणि त्यांची कुळेही सामायिक होती. एकाच कुळात हुतूही असत आणि तुत्सीही. 1930 च्या दशकात बेल्जियन सरकारने प्रत्येकाच्या ओळखपत्रावर यांतला एक शब्द छापला. जी ओळख पूर्वी गुरांच्या मालकीबरोबर थोडीफार सरकत असे ती कागदावर गोठली. 1994 मध्ये रस्त्यावरच्या नाक्यांवर तेच कार्ड पाहून माणसे मारली गेली. बाहेरच्या वृत्तपत्रांनी त्याला ‘जमातींचे युद्ध’ म्हटले. जमाती नव्हत्याच तिथे. होती ती राज्यसत्तेने पक्की केलेली वांशिक रेघ, आणि ती समान कुळांमधून आरपार गेलेली. समान कुळ असल्याने रेघ खोटी ठरली नाही, आणि रेघ असल्याने कुळे वेगळी ठरली नाहीत. हे ज्याला कळले तो ‘राठोड म्हणजे राजपूत, म्हणून जमात नाही’ असे म्हणणार नाही, आणि ‘मराठ्यांत पवार, आमच्यात पवार, म्हणून आपण एकच’ असेही म्हणणार नाही.

वांशिक हा शब्दही मला खुपतो. इंग्रजीतल्या ‘एथ्निक’ला आपण वांशिक म्हणतो आणि वंश म्हटले की रक्त आठवते. खरे तर 1950 मध्ये युनेस्कोच्या निवेदनात शास्त्रज्ञांनी ‘रेस’ हा शब्द टाकून ‘एथ्निक ग्रुप’ म्हणावे असे सुचवले, ते रक्ताचे जोखड काढण्यासाठीच. पुढे 1969 मध्ये फ्रेड्रिक बार्थ या मानवशास्त्रज्ञाने सांगितले की गट टिकतो तो त्याच्या आतल्या संस्कृतीमुळे नव्हे, तर त्याच्या सीमेमुळे. संस्कृती बदलते, माणसे येतात-जातात, पण ‘आम्ही’ आणि ‘ते’ ही रेघ राहते. बंजाऱ्यांकडे पाहा. फेटिया-कांचळी हा बायांचा जुना वेश आज बहुतेक तांड्यांवर म्हाताऱ्या बायांच्याच अंगावर उरली. पोरे मराठी शाळेत जातात, नायकाचा मुलगा सरपंच होतो, घरात टीव्ही असतो. म्हणून गोर-कोर रेघ पुसली का? लग्ने अजून गोत विचारूनच होतात, घरात गोरबोली चालते, आणि गावात भांडण झाले की ‘तांड्यावरचे’ हा शब्द अजून टोचूनच उच्चारला जातो. ‘आता ते आपल्यासारखेच झाले’ म्हणणाऱ्यांनी ही रेघ पाहावी. पण त्याचबरोबर मोर्चात पारंपरिक वेश दाखवून ‘आमची संस्कृती वेगळी म्हणून आम्ही जमात’ म्हणणाऱ्यांनीही हे समजून घ्यावे की वेगळेपण वांशिक गट सिद्ध करते. त्यातून जमात आपोआप निघत नाही. मुंबईतले पारशी, नांदेडचे शीख हेही वेगळेच आहेत.

आता गॅझेट. वसाहतीच्या आणि निजामी कागदांत ‘ट्राइब’ लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोक्यात काय होते? 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचे शब्द आहेत ‘ट्राइब, गँग किंवा व्यक्तींचा वर्ग’. म्हणजे कायद्याला जमात आणि टोळी यांच्यात फरक करण्याची गरजच वाटली नाही. निजामाच्या राज्यातल्या लोकांवर सय्यद सिराज उल हसन यांचा 1920 चा मोठा ग्रंथ आहे, त्याच्या नावातच ‘कास्ट्स’ आणि ‘ट्राइब्ज’ शेजारी बसले आहेत आणि आत मराठा, ब्राह्मण, गोंड सगळे वर्णक्रमाने येतात. 1952 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला तेव्हा सुटका झालेल्यांना इंग्रजीत ‘डीनोटिफाइड ट्राइब्ज’ म्हटले गेले. महाराष्ट्राने त्याचा अनुवाद केला ‘विमुक्त जाती’. शेजारच्या रकान्यात मात्र ‘भटक्या जमाती’. एकाच इंग्रजी शब्दाचे एका ओळीत जाती, दुसऱ्या ओळीत जमात. ज्या शब्दाबद्दल लिहिणारेच इतके ढिले होते, त्या शब्दाच्या एका नोंदीवर आपण पिढ्यांचे भवितव्य टांगणार आहोत का?

आणि कागदच पाहायचे तर सगळे पाहावे लागतील. 1950 मध्ये हैदराबाद राज्यासाठी अनुसूचित जमातींची जी यादी निघाली तिच्यात आंध, भिल्ल, गोंड, कोलाम, कोया, परधान अशी नावे आहेत, लंबाडा, म्हणजे तिकडचे बंजारा, नाहीत. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. 1956 मध्ये ते राज्य तीन भाषांत वाटले गेले. पुढे 1976 मध्ये संसदेने याद्या सुधारणारा एक कायदा केला. त्या एकाच कायद्याने तेलंगणातले लंबाडा अनुसूचित जमातीत गेले आणि कर्नाटकात सामील झालेल्या बिदर-गुलबर्ग्याकडचे लंबाणी, म्हणजे तेही बंजाराच, अनुसूचित जातीत गेले, कारण जुन्या म्हैसूरपुरती असलेली क्षेत्राची अट उठली. मराठवाड्यातले बंजारा विमुक्त जातींच्या यादीतच राहिले. एका निजामी राज्यातले एकच लोक, एकच गोते, एकच बोली. देगलूरच्या राठोडाची बहीण सीमेपलीकडे एका बाजूला दिली तर तिची मुले अनुसूचित जमातीची, दुसऱ्या बाजूला दिली तर अनुसूचित जातीची, आणि भावाची मुले विमुक्त. बंजारा तरुणाचा संताप मला इथे पूर्ण समजतो. या प्रकाराला कोणतेही शास्त्र नाही. मागणीच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि विरोधकांनी त्याला अजून उत्तर दिलेले नाही.

पण त्याच 1976 ने समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दाही जन्माला घातला. आदिलाबादच्या गोंडांमध्ये मानवशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ 1940 च्या दशकापासून काम करत होते. आमचा किनवट तालुका तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होता. त्यांनी पुढे लिहून ठेवले की लंबाडांचा समावेश झाल्यावर महाराष्ट्राच्या बाजूने बंजारा कुटुंबे आदिलाबादेत येत गेली आणि गोंडांच्या जमिनींवर, राखीव जागांवर दाब वाढला. 2017 च्या डिसेंबरात उटनूर भागात दोघांत हिंसक संघर्ष झाला. केसलापूरला दर पौषात मेसराम कुळाचे गोंड नागोबाची जत्रा भरवतात, गोदावरीचे पाणी आणून पूजा होते, आणि वर्षभरात लग्न होऊन आलेल्या सुनांची देवासमोर ‘भेट’ घालून त्यांना कुळात घेतले जाते. तिथे आमच्या बाजूचे मेसरामही जातात. त्यांच्यातला एक म्हातारा मला एकदा म्हणाला, ‘नाव यादीत असून आमचं रान गेलं, आता यादीत आणखी माणसं आली तर आमच्या पोरांनी उभं कुठं राहायचं?’ ही भीती खरी आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जमातींना सात टक्के आरक्षण आहे, विधानसभेत पंचवीस जागा आहेत. विमुक्त जातींचे तीन टक्के वेगळे आहेत, पण त्यांना विधानसभेत राखीव जागा नाहीत. एका मोठ्या, संघटित समाजाला त्या सातात आणले आणि सात तेवढेच राहिले, तर कोलामाचा, आंधाचा वाटा कोणाच्या ताटात जाईल हे सांगायला शास्त्र लागत नाही. परंतु ही भीती वाट्याची आहे. ती ‘ते जमात नाहीत’ या वाक्यात लपवली की उलट ती दुबळी होते, कारण मग गोंडालाही आपण पुरेसे ‘जमाती’ आहोत हे दाखवत बसावे लागते.

ते दाखवायला लावणाऱ्या कसोट्या आहेत 1965 च्या लोकुर समितीच्या. आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलिप्तता, बाहेरच्यांशी मिसळण्याचा संकोच आणि मागासलेपण. राज्याची शिफारस दिल्लीला गेली की भारताचे महानिबंधक आजही याच पाच गोष्टी पाहतात, मग राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोग, मग मंत्रिमंडळ, मग संसद. घटनेच्या कलम 342 प्रमाणे यादीत नाव घालणे-काढणे संसदेच्याच हाती. हलबा जमातीत आपणही येतो असे म्हणणाऱ्या कोष्टींच्या प्रकरणात 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट सांगितले की यादीतल्या नोंदीचा अर्थ न्यायालयेसुद्धा ताणू शकत नाहीत. धनगर आणि धनगड हे एकच, हा दावा 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात टिकला नाही. तरीही व्याख्येचा आग्रह धरणारे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे, की काहीतरी कसोटी लागणारच. शब्द सैल सोडले तर ताकदवान तो आत घुसेल. मान्य. पण ‘आदिमपणा’ ही कोणती कसोटी? ज्या पोराने तांड्यावरून निघून पदवी घेतली त्याने आपले आदिमत्व सिद्ध करायचे? ज्या गोंड मुलीने कलेक्टर व्हायचे ठरवले तिने संकोची राहायचे? मानवशास्त्राने या दोन गोष्टी कधीच्या सोडल्या आहेत. इरावती कर्वे महाराष्ट्रातल्या गटांचा अभ्यास करताना कोण मागासलेला दिसतो हे विचारत नव्हत्या. कोणाची लग्ने कोणाशी होतात, हे त्या शोधत होत्या. 1985 मध्ये भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षणाने कुमार सुरेश सिंह यांच्या नेतृत्वाखाली देशभराचा अभ्यास सुरू केला तेव्हा जात-जमात हा तंटा बाजूला ठेवून ‘समुदाय’ हे एकक धरले आणि 4,635 समुदाय नोंदवले. प्रत्येकाचे लग्नाचे नियम, अन्न, धंदा, शेजारी लिहून काढले. त्यांना जे जमले ते आपल्या आयोगांना का जमू नये?

बंजारा मागणीची चौकशी करायची असेल तर गॅझेटाची पाने उलटण्याआधी तिला वेगळे रकाने लागतील. गोत आणि पाडे हा एक रकाना, आणि त्याने आरक्षणाचा काहीही निकाल लागत नाही हे आधीच लिहून ठेवावे. गोर-कोर रेघ हा दुसरा. गावात घर भाड्याने मिळते का, सोयरीक होते का, पोलीस पहिल्यांदा कोणाच्या दारात जातात, यावरून ती मोजता येते. नसाब आणि नायकीचा इतिहास तिसरा. आणि चौथा रकाना तांड्याचा. तो भरायला माणूस दिवाळीनंतर पाठवावा लागेल. तेव्हा मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायको एक कोयता म्हणून ऊसतोडीला गेलेले असतात, सांगलीला, कोल्हापूरला, बेळगावला. दारांना कुलपे असतात. ओट्यावर एखादी म्हातारी असते, तिच्याजवळ दोन-तीन नातवंडे, आणि शाळेच्या हजेरीपटावर मार्चपर्यंत गैरहजेरीच्या खुणा.